बारा जागा, दोन सकाळी आणि एक रिकामं कार्ड

पुण्यात नवशिक्यांसाठी छायाचित्रणाची कार्यशाळा घेणाऱ्या एक छायाचित्रकार बाई जाहिरातीचा मजकूर सर्वांत आधी लिहायला बसतात. सभागृह ठरवण्याआधी, टिपणवही छापायला टाकण्याआधी. इन्स्टाग्रामवर फोटोखाली जो कॅप्शन जाणार, तो कागदावर पेन्सिलीने उतरतो. त्यात चार गोष्टी असाव्या लागतात: काय शिकवणार, किती जणांना घेणार, पैसे किती आणि येताना काय आणायचं. त्यांच्या अनुभवात ही चार उत्तरं एकमेकांत अडकलेली असतात. आणायच्या वस्तूंत एक शब्द चुकला तर अभ्यासक्रमातला अर्धा तास जातो, आणि जागा वाढवल्या तर फी परवडते पण शिकवणं परवडत नाही.

सुरुवात अभ्यासक्रमापासून. बहुतेक कार्यशाळांच्या मजकुरात ‘एक्स्पोजर ट्रँगल, डेप्थ ऑफ फील्ड, मीटरिंग, कॉम्पोझिशन’ अशी यादी असते. ज्याला हे शब्द कळतात त्याला नवशिक्यांच्या वर्गात यायचं नसतं, आणि ज्याला यायचं असतं त्याला ते कळत नाहीत. बाईंनी ही यादी काढून टाकली. त्याऐवजी सहभागी घरी जाताना कोणते फोटो काढू शकेल ते लिहायचं ठरवलं. असे फोटो तीन निघाले: मागचं सगळं धूसर आणि चेहरा स्वच्छ असा एक, हवेत थांबलेल्या पाण्याच्या थेंबांचा एक, आणि त्याच पाण्याच्या वाहत्या रेषांचा एक. छिद्र, शटर आणि आयएसओ हे तिन्ही विषय त्यांत आपोआप येतात.

पण लिहिलेलं घडायला हवं, आणि इथे एक व्यावहारिक अडचण असते. नवशिक्याच्या कॅमेऱ्यावर बहुधा कॅमेऱ्याबरोबर आलेली 18-55 मिलिमीटरची लेन्स असते. ती 55 मिलिमीटरवर नेली की छिद्र फार तर f/5.6 पर्यंत उघडतं. शिकवणाऱ्याने स्वतःच्या f/1.8 च्या लेन्सने काढलेला, मागचे दिवे विरघळलेला फोटो जाहिरातीत टाकला, तर वर्गातल्या बहुतेकांना तो काढताच येणार नाही. म्हणून बाईंनी जाहिरातीचा फोटोसुद्धा त्या साध्या लेन्सनेच काढला. लेन्स पूर्ण 55 वर, माणूस जेमतेम एक मीटरवर, आणि त्याच्या मागची भिंत सात-आठ मीटर लांब. एवढं अंतर मिळालं की f/5.6 वरही मागचं छान धूसर होतं. तोच माणूस भिंतीला टेकून उभा राहिला तर होत नाही. वर्गात हे दोन फोटो शेजारीशेजारी दाखवले की महागड्या लेन्सची चर्चा निम्म्याने कमी होते, असा त्यांचा अनुभव.

पाण्याच्या दोन फोटोंसाठी जागा ठरली महात्मा फुले मंडईचं आवार. 1886 साली उभी राहिलेली ही दगडी इमारत आतून अंधारी आहे, त्यामुळे नवशिक्यांना आत घेऊन जायचं नाही हे आधीच पक्कं होतं. बाहेर उघड्यावर बसणारे भाजीवाले सकाळी कोथिंबीर-मेथीच्या जुड्यांवर हाताने पाणी शिंपडतात. तो सराव बाईंना हवा होता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुण्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणून वेळ सातची. आठ वाजेपर्यंत आवारातल्या सावलीत पुरेसा आणि मऊ उजेड येतो. नऊनंतर ऊन आणि गिऱ्हाईक दोन्ही वाढतं.

त्या सावलीत मीटर f/5.6, 1/125 सेकंद आणि आयएसओ 200 दाखवतो असं धरू. थेंब हवेत थांबवायचे तर 1/125 पुरत नाही, निदान 1/500 लागतं. शटर चौपट वेगाने मिटलं म्हणजे प्रकाश एक चतुर्थांश राहिला, आणि 55 वर या लेन्सचं छिद्र याहून उघडत नाही. मग आयएसओ चौपट, म्हणजे 800. फोटो निघतो, थेंब मण्यांसारखे दिसतात. आता उलट. पाण्याच्या रेषा हव्यात म्हणून शटर 1/30 केलं. 1/125 च्या मानाने प्रकाश चौपट झाला. आयएसओ 200 वरच ठेवून छिद्र दोन पायऱ्या मिटवलं, f/5.6 वरून f/8 आणि तिथून f/11. उजेड पुन्हा बरोबर, आणि पाण्याच्या पांढऱ्या रेघा. भाजीवाल्याचा तोच हात, तीच कोथिंबीर, आणि दोन वेगळे फोटो.

दुसऱ्या फोटोत हात हलण्याचा धोका असतो. त्यासाठी लेन्स 24-25 मिलिमीटरच्या आसपास आणायची, पट्टा मानेत ताणून धरायचा, कोपर अंगाला टेकवायचे. फोटो बिघडला तर का बिघडला हे ओळखायची खूण बाई आवर्जून सांगतात: पडद्यावर फोटो मोठा करून तराजूचं पारडं बघा. पारडं स्वच्छ आणि पाणी पुसट असेल तर जमलं. पारडंही एकाच दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. आणि पारडं पुसट पण त्यामागची टोपली स्वच्छ असेल तर फोकस चुकीच्या जागी बसलाय, शटरचा दोष नाही.

हा सराव नीट व्हायचा तर प्रत्येकाच्या कॅमेऱ्यात निदान तीनदा डोकवावं लागतं. सेटिंग बसवताना एकदा, पहिले फोटो निघाल्यावर एकदा आणि शेवटी एकदा. दर खेपेला तीनेक मिनिटं जातात. बारा जणांना तीनदा तीन मिनिटं म्हणजे 108 मिनिटं, आणि सात ते नऊ मिळून मिनिटं असतात 120. जागांचा आकडा असा निघाला. वीस जण घेतले असते तर 180 मिनिटं लागली असती, आणि शेवटच्या सात-आठ जणांना सगळी सकाळ ‘मॅडम, जरा इकडे’ म्हणत काढावी लागली असती. दुसरं कारण भाजीवाल्यांचं. सकाळच्या विक्रीच्या वेळी वीस जण कॅमेरे रोखून एका गाळ्यापुढे उभे राहिले तर गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातं. म्हणून चार-चारांचे तीन गट, प्रत्येक गट वेगळ्या बाजूला, आणि फोटो काढण्याआधी विचारायचं. ज्यांच्यापुढे जास्त वेळ थांबलो त्यांच्याकडून काहीतरी विकतही घ्यायचं, हा बाईंचा नियम आहे.

जागा ठरल्यावर फी ठरली. सभागृह दोन अर्ध्या दिवसांचं 6,000 रुपये. मदतनीस म्हणून येणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला 4,000. चहा-नाश्ता माणशी रोजचे 80 धरून बाई आणि मदतनीस या दोघांचे दोन दिवसांचे 320. हा 10,320 रुपयांचा खर्च कितीही जण आले तरी होणारच. त्यापुढे दर सहभागीमागे चहा-नाश्त्याचे 160, दोन मोठ्या प्रिंटचे 120 आणि छापील टिपणवहीचे 60, म्हणजे 340. बारा जणांचा एकूण खर्च 14,400. फी 2,800 ठेवली तर जमा होतात 33,600, आणि बाईंच्या हाती राहतात 19,200. दोन सकाळचं शिकवणं, आधीची तयारी आणि नंतर प्रत्येकाचे फोटो पाहून लिहून दिलेली टिपणं, एवढ्याचा हा मोबदला.

त्यांनी एक हिशेब आणखी केला, आणि तो बरेचजण करत नाहीत. सातच जण आले तर? 19,600 जमा, 12,700 खर्च, हाती 6,900. चार आले तर पदरचे 480 घालावे लागतात. म्हणून सातपेक्षा कमी नावं आली तर कार्यशाळा रद्द आणि पैसे पूर्ण परत, असं ठरलं. हे मजकुरात स्पष्ट लिहावं का, यावर मदतनीस आणि बाई यांच्यात बरीच चर्चा झाली. त्याचं म्हणणं, “मॅडम, किमान सात लिहिलं की लोकांना वाटेल कोणी येतच नाहीये.” बाईंचं म्हणणं, पैसे घेतल्यावर रद्द करायची वेळ आली तर ही ओळ आधीच वाचलेली बरी. ओळ राहिली. फीचा आकडाही राहिला. ‘फीसाठी मेसेज करा’ असं लिहिलं की विचारणा वाढल्यासारखी दिसते, पण आकडा ऐकून गप्प होणाऱ्यांना उत्तरं देण्यात संध्याकाळ जाते आणि ज्यांना विचारायचा संकोच वाटतो ते मुळातच गळतात.

आता आणायच्या वस्तू. बाईंच्या मते सगळ्या मजकुरात सर्वांत जास्त विचार इथे लागतो, आणि लोक सर्वांत कमी विचार इथेच करतात. ‘स्वतःचा कॅमेरा आणावा’ एवढं लिहून भागत नाही.

कार्डाचंच घ्या. नवशिक्यांपैकी कोणीतरी कार्ड न घालताच येतो. कार्ड घरी लॅपटॉपला लावलेलं असतं आणि तिथेच राहतं. काही कॅमेरे कार्ड नसलं तरी शटर दाबू देतात. टिक् असा आवाज येतो, पडद्यावर फोटोही क्षणभर दिसतो, निकॉनच्या काही कॅमेऱ्यांत त्यावर Demo असं येतं. नवख्या माणसाला वाटतं फोटो निघाला, आणि तासाभराने कळतं की काहीच साठलेलं नाही. मेनूमध्ये कार्ड नसताना शटर रोखायची सोय असते. निकॉनमध्ये ती Slot empty release lock या नावाने आणि कॅननमध्ये Release shutter without card या नावाने मिळते. बाई वर्गाच्या पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांकडून ती तपासून घेतात. पण तोवर कार्ड घरी राहिलेलं असतंच.

उलटा प्रकार जास्त वेदनादायक. सराव सुरू होण्याआधी कार्ड फॉरमॅट करायची पद्धत आहे, कारण वेगवेगळ्या कॅमेऱ्यांत फिरलेल्या कार्डावर अडचणी येतात. निवृत्त झालेले एक काका अमेरिकेतल्या मुलाने दिलेला कॅमेरा घेऊन आले होते. फॉरमॅट करा म्हटल्यावर त्यांचं बोट बटणावर गेलं आणि शेजारच्या मुलीने सहज विचारलं, “काका, त्यात काही आहे का?” त्यात नातीच्या बारशाचे फोटो होते, दुसरीकडे कुठेही न उतरवलेले. तेव्हापासून मजकुरात ‘मेमरी कार्ड’ एवढंच लिहिलेलं नसतं. ‘आधीचे फोटो संगणकावर उतरवून रिकामं केलेलं कार्ड’ असं लिहिलेलं असतं. जागा जरा जास्त खाते, पण बाई त्यावर तडजोड करत नाहीत.

बॅटरीचं तसंच. कपाटात दोन-तीन वर्षं पडलेल्या कॅमेऱ्याची बॅटरी चार्ज केल्यावर पूर्ण भरलेली दिसते आणि पंधरा-वीस फोटोंत संपते. म्हणून ‘आदल्या रात्री चार्ज केलेली’ हे पुरत नाही. आठवडाभर आधी चार्ज करून घरी पन्नासेक फोटो काढून पाहायला सांगावं लागतं. नवी बॅटरी घ्यायची वेळ आली तर त्यासाठी हातात दिवस उरतात. त्याच वेळी लेन्स उजेडात धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात का तेही बघावं. पावसाळ्यातल्या दमट हवेत बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, आणि तिच्यामुळे सगळे फोटो धुरकट येतात. कोकणातून येणाऱ्या सहभागींकडे हे बाईंना जास्त दिसलंय.

काय आणायचं नाही हेही लिहावं लागतं. ट्रायपॉड नको, मंडईच्या गर्दीत तो लोकांच्या पायात येतो. आणि मोबाइल चालेल का, हा प्रश्न तर येणारच. बाईंनी इथे सरळ नाही म्हटलं. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र मिटवता-उघडता येत नाही आणि शटर हाताने ठरवायची सोय सगळ्यांत नसते. मंडईतला सराव तर त्या दोन्हींवर उभा. मोबाइल घेऊन आलेला माणूस फी भरून बाजूला उभा राहील, हे त्यांना पटत नव्हतं. मोबाइलसाठी वेगळी कार्यशाळा घेऊ, असं त्यांनी विचारणाऱ्यांना कळवलं. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी मित्राचा आणला तरी चालेल, त्यावर A किंवा Av, S किंवा Tv आणि M ही अक्षरं हवीत, इतकंच. कॅमेऱ्याची किंमत किंवा कंपनी न लिहिता चकतीवरची अक्षरं लिहिणं ही त्यांची युक्ती फार कामाची. नवशिक्यालाही कॅमेरा हातात घेऊन ती तपासता येतात.

मग राहिला मजकुराचा क्रम. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 अक्षरांची मर्यादा आहे. मराठीत ती लवकर भरते, कारण काना, मात्रा, वेलांटी ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हं असतात. पण खरी अडचण मर्यादेची नाहीच. पहिल्या एक-दोन ओळींनंतर बाकीचा मजकूर more या शब्दाआड जातो. तिथे ‘प्रकाशाशी मैत्री करूया’ असं काही असेल तर तारीख वाचायला कोणी पुढे जात नाही. म्हणून पहिल्या ओळीत कोणासाठी, कधी, कुठे. तारखेबरोबर वारही. ‘येत्या रविवारी’ असं लिहिलेला मजकूर आठवड्याने कोणाच्या समोर आला की तो चुकीच्या रविवारी निघतो. आणि तारीख, वेळ, फी फक्त चित्रावर लिहून भागत नाही. लोक मजकूर उचलून घरच्या किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटात टाकतात, चित्र मागे राहतं.

शेवटी उतरलेला मजकूर असा होता:

“कॅमेरा आहे पण ऑटोवरच आहे? नवशिक्यांसाठी छायाचित्रण कार्यशाळा, शनि-रवि, 22 आणि 23 नोव्हेंबर, पुणे.

शनिवारी सकाळी 9 ते 1, सदाशिव पेठेतल्या सभागृहात: छिद्र, शटर आणि आयएसओ म्हणजे काय, ते एकमेकांना कसे सांभाळतात, आणि साध्या 18-55 लेन्सनेही चेहऱ्यामागचं धूसर कसं करायचं.
रविवारी सकाळी 7 ते 9, महात्मा फुले मंडईच्या आवारात: पाण्याचे थेंब थांबवणारा फोटो आणि पाणी वाहतं दाखवणारा फोटो. 10 ते 1 पुन्हा सभागृहात: प्रत्येकाचे फोटो एकत्र पाहून चर्चा.

जागा 12. मंडईत प्रत्येकाच्या कॅमेऱ्याकडे निदान तीनदा लक्ष देता यावं म्हणून इतक्याच.
फी 2,800 रुपये. यात चहा-नाश्ता, टिपणवही आणि तुमच्या दोन फोटोंच्या मोठ्या प्रिंट. फी भरल्यावर जागा पक्की. 17 नोव्हेंबरपर्यंत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत. तोवर सातपेक्षा कमी नावं आली तर कार्यशाळा रद्द, पैसे परत.

येताना: चकतीवर A/Av, S/Tv आणि M असलेला कॅमेरा (कोणत्याही कंपनीचा, मागून आणलेला चालेल). आठवडाभर आधी तपासलेली बॅटरी आणि चार्जर. आधीचे फोटो उतरवून रिकामं केलेलं कार्ड. वही-पेन, पाण्याची बाटली. मंडईत ओलं असतं, चप्पल घसरणारी नको. ट्रायपॉड नको. ही कार्यशाळा मोबाइलसाठी नाही.

मंडईत फोटो काढण्याआधी विचारायचं, नको म्हटलं तर पुढे जायचं. वय 16 पासून पुढे. नावनोंदणीची लिंक प्रोफाइलवर.”

लिंक प्रोफाइलवर, कारण कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक दाबता येत नाही. ही ओळ वगळली की पहिल्या दिवशी तोच एक प्रश्न पुन्हापुन्हा येतो.

मजकूर टाकल्यावर बाईंची एक सवय आहे. आलेला प्रत्येक प्रश्न त्या एका कागदावर टिपतात. दोन वेगवेगळ्या माणसांनी तेच विचारलं तर उत्तर थेट मजकुरात जातं. या वेळी तसा प्रश्न निघाला तो जेवणाचा: एकपर्यंत आहे तर जेवण आहे का? फीच्या ओळीत ‘जेवण नाही’ हे दोन शब्द वाढले. “डीएसएलआरच लागेल का, मिररलेस चालेल का?” असंही एकीने विचारलं. त्याचं उत्तर चकतीवरच्या अक्षरांत होतंच, तरी शब्द ओळखीचा वाटावा म्हणून कंसात ‘डीएसएलआर किंवा मिररलेस’ असं घातलं.

बारावं नाव आल्यावर पहिली ओळ बदलली. ‘जागा भरल्या, प्रतीक्षा यादीसाठी नाव कळवा’ हे सगळ्यात वर गेलं, तारीख त्याखाली. मजकूर काढून टाकला नाही, कारण तो आधीच कितीतरी गटांत फिरत होता आणि मूळ पोस्ट उघडणाऱ्याला जागा संपल्याचं तिथेच कळायला हवं होतं. सतरा तारखेआधी एकीने नाव मागे घेतलं. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या मुलाला फोन गेला, आणि फोनवर त्याला पहिला प्रश्न विचारला गेला तो कॅमेऱ्याच्या चकतीवर कोणती अक्षरं आहेत हा.